चौकडीले चौकडी

आधीच सांगून ठेवते, चेतनाचं वाईट व्हावं असं मले कधीच वाटलं नाही. तिच्या कारखान्यातले शर्ट दुकानदारानं परत पाठवावे, एवढंच वाटत होतं. आता या दोन गोष्टी एका पोटात कशा राहतात ते मले नका विचारू. राहत होत्या.

चेतना माह्या शेजारच्या श्यामलालची सून. लग्न होऊन दवनीवाड्यात आली तेव्हा तिले सुईत धागा ओवता येत नव्हता. शिवणं मीच शिकवलं. पोरगी हुशार, त्यात वाद नाही. पुढे गोंदियाले जाऊन तिनं ट्रेनिंग घेतलं, बँकेचं कर्ज काढलं, अन् बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात आठ मशिनी लावल्या. पहिलं बोलावणं मलेच आलं. म्हणाली, कॉलरची मशीन धुरपताकाकीची, तिथं दुसरं कोणी बसणार नाही. जीव भरून आला माहा. घरी येऊन रडली मी, खोटं कायले सांगू.

काम होतं शाळेच्या शर्टाचं. गोंदियातला दुकानदार गजेंद्र शेठ कापड देणार, आपण शिवून द्यायचं. एका थानातून किती शर्ट निघाले पाहिजे ते त्यानंच ठरवून दिलं होतं. कमी निघाले तर कापडाचे पैसे शिलाईतून कापणार. हा माल नीट अन् वेळेवर गेला तर वर्षभराचं काम आपल्याले, नाही तर जय राम. चेतनाचा प्लॅनही साधाच होता. एका बाईनं एकच काम करायचं, अन् जेवढे नग तेवढे पैसे. खिशाले दोन रुपये, बाहीले तीन, कॉलरले सहा. असे दिवसाले नव्वद शर्ट निघाले तर मशिनीचा हप्ता, भाडं, लाईट बिल जाऊन तिच्या हाती काही उरणार होतं.

निघत होते साठ. अन् तेही माह्यापाई.

आता शर्टाचं असं असते की कॉलर लागल्याबिगर बाही लागत नाही, बाहीबिगर बगल शिवता येत नाही, अन् त्याच्यामागं ओव्हरलॉक, काज, बटण सगळे वाट पाहत बसतात. कापड चौकडीचं. चौकडीच्या कापडाची कॉलर म्हणजे दोन्ही टोकांवर रेघ सारखी यायले पाहिजे, खिसा अंगावर ठेवला की दिसूच नये. हे माह्या हाताले लागलेलं वळण. कापतानाही मी चेतनाच्या डोक्यावर उभी राहून रेघेवर रेघ ठेवून घेत होती. त्यात चिंध्या जास्त निघत, थानामागं दोन शर्ट कमी पडत. पडू दे म्हणायची मी. पोराच्या गळ्याशी वाकडी रेघ काऊन द्यायची?

पण माह्यामागच्या मशिनी बसून राहायच्या. मशीन बसली तरी बँकेचा हप्ता बसत नाही, अन् नग नाही तर पोरींले पैसेही नाही. बाही लावणारी प्रेरणा तोंडाची फटकळ. ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली की काकी नक्षी काढून राहिली अन् आमी माश्या मारून राहिलो, याच्यापेक्षा धानाच्या रोवण्याले गेलेलं बरं, चिखलात का होईना दिवसाची मजुरी पूर्ण भेटते. मी तिले चार गोष्टी सुनावल्या. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तर जास्तच सुनावल्या.

अर्धा माल गेला तेव्हा शेठनं कमी पडलेल्या शर्टांच्या कापडाचे पैसे कापून घेतले. त्याच्या दुसऱ्या दिवशी चेतना माह्या बाजूले येऊन बसली. कापडाची घडी करायले लागली.

"काकी, आता कॉलर दोघी मिळून करतील," ती म्हणाली. "काजवाली चंचल बनवून देईल, दुसरी लावेल. रेघ पाहायची नाही. खिसे उरल्यासुरल्या तुकड्यातून काढीन. तुमी धागे काढा अन् घडी करा. शर्टामागं दीड रुपया देते."

"चंचलच्या कॉलरचं एक टोक पूर्वेले जाते अन् एक पश्चिमेले."

"माहीत आहे मले," ती म्हणाली.

मी उठली अन् चपला घालून घरी आली. तिले वाटलं असेल, म्हातारी रागात आहे, येईल परत. मी नाही गेली. सोमवारी नागऱ्याले महादेवाच्या दर्शनाले गेली, तर तिथंही हात जोडून हेच मागितलं. एवढे शर्ट माघारी येऊ दे, म्हटलं, मंग मी सगळे उसवून नीट करून देते. देवासमोर असं मागायले लाज वाटायले पाहिजे होती. नाही वाटली.

माल पोचवायच्या दिवशी चेतनाच दारात आली. पुरे नव्वद निघत होते आता, तरी चेहरा उतरलेला. शेठनं कॉलर पाहून काही म्हटलं तर काय बोलावं ते तिले सुचत नव्हतं. तुमी चला सोबत, म्हणाली. मी मनातल्या मनात म्हटलं, आता आली ना ताळ्यावर. झटकन लुगडं बदललं अन् टेम्पोत तिच्या आधी चढून बसली.

गजेंद्र शेठनं गठ्ठे मोजले. नंबराच्या चिठ्ठ्या पाहिल्या, एकदोन शर्टांच्या बटणा ओढून पाहिल्या. एक शर्ट उलगडून त्यानं काऊंटरवर टाकला. कॉलर इतकी तिरपी की मलेच मान वाकडी करावी वाटली. त्यानं त्याच्यावर हात फिरवला अन् म्हणाला, "बढिया. कपडा भी पूरा बैठा इस बार. आता वर्षभराचं नाईटीचं काम चालू करून टाका." झालं. कॉलरचं नावही नाही.

मले वाटलं, शेठले काय कळते. घेणाऱ्याले कळेल.

तेवढ्यात एक बाई पोरासाठी शर्ट घ्यायले आली. नोकरानं दोन काढून दाखवले. एक माहा होता, आधीच्या मालातला. आपलं काम कोसावरून ओळखू येते. रेघेले रेघ, खिसा कुठं आहे ते शोधावं लागे. दुसरा आत्ता आलेल्या गठ्ठ्यातला, चंचलच्या कॉलरचा. भाव दोन्हीचा एकच. बाईनं दोन्ही पोराच्या पाठीले लावून पाहिले. माहा नेमका बसला. दुसरा एक नंबर मोठा होता, खांद्यावरून उतरत होता.

"हा मोठाच द्या," बाई म्हणाली. "पुढच्या सालीही चालते."

माहा शर्ट नोकरानं घडी करून परत ढिगात टाकला.

मले त्या बाईचा राग यावा म्हणून मी वाट पाहत उभी राहिली. नाही आला. माह्या पोरासाठी, हिरालालसाठीही मी दर साली मोठाच शर्ट घेतला होता. कॉलर पाहिली होती की नाही, ते आठवेना.

परतीच्या टेम्पोत चेतना माह्या बाजूले बसली. वर्षभराचं काम हाती आलं होतं, पण एका शब्दानं ती खुशी दाखवत नव्हती. माह्यासाठी दाबून ठेवली असेल. रस्त्याच्या दोन्ही अंगाले बायका ओणव्या होऊन धान रोवून राहिल्या होत्या. गाव दिसायले लागलं तशी ती हळूच म्हणाली, "काकी, उद्या याल ना?"

"दीड रुपयाचे दोन करशीन?" मी विचारलं.

ती माह्याकडे पाहू शकली नाही. नाही बसत हिशोबात, म्हणाली.

"बरं," मी म्हटलं. "येते."