तिसऱ्या ओळीतला T

भाऊ गेल्याला तेरा दिवस झाले आणि चौदाव्या दिवशी संयोगिता मॅडम बारावीच्या वर्गात खडू घेऊन उभ्या राहिल्या. घरी बसून तरी करायचं काय, भिंतीकडं बघायचं?

फळ्यावर सत्यता सारणी मांडली. p, q आणि p → q, खाली चार ओळी. "जर-तरचं विधान एकाच ठिकाणी खोटं पडतंय," त्या म्हणाल्या. "'जर' खरं झालं आणि 'तर' झालं न्हाय, तिथं. दुसऱ्या ओळीत F, म्हंजे खोटं. बाकी तिन्हीकडं T, खरं."

पोरांनी मुकाट उतरवून घेतलं. पहिल्या बाकावरची शांभवी तेवढी अडून बसली. "'जर'च घडलं नाही, तर वाक्य खरं कसं मॅडम?"

दरवर्षी मॅडम इथं पावसाचं नि छत्रीचं उदाहरण द्यायच्या. आज तोंडातून भलतंच गेलं. "समजा, एक भाऊ बहिणीला म्हणाला, आण्णा मानले तर मी तुझ्या दारात येईन."

समजा कसलं डोंबलाचं! मॅडमनी जातीबाहेर, बसवेशशी लग्न केलं म्हणून वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, दार लावलं त्याला अकरा वर्षं झाली. त्या दिवशी जोतीरामनं, आता गेलेल्या या पाठच्या भावानं, हाच शब्द दिला होता. आण्णा काही मानले नाहीत आणि जोतीराम काही आला नाही. अकरा भाऊबीजा पाट रिकामा राहिला. सासरी कुणी त्याला नावं ठेवली की मॅडम फाडकन म्हणायच्या, "माझा भाऊ शब्दाचा पक्का हाय. आण्णा आडवे आले, त्यात त्याचा काय दोष?" एवढ्या एका गोष्टीवर बिचारीनं दिवस काढले होते.

"चौथी ओळ बघा. आण्णा मानले न्हाईत, भाऊ आला न्हाय. शब्द मोडला का?"

"नाही!" सगळा वर्ग ओरडला.

"मोडला न्हाय, म्हणून T."

"आत्ता पटलं," शांभवी खुलली. "आणि तिसऱ्या ओळीत आण्णा मानले नाहीत, तरी भाऊ आला. तिथंही शब्द मोडत नाही. कारण आण्णा नाही मानले तर काय करणार, हे तो बोललाच नव्हता. म्हणजे तो तसाही येऊ शकत होता की!"

मॅडमनी वळून तिसरी ओळ पुन्हा वाचली. माहेराहून, गडमुडशिंगीहून, मॅडमचं कोल्हापुरातलं घर मोटरसायकलवर अर्ध्या तासाचं. जोतीराम रोज कामाला कोल्हापुरातच यायचा. वीस वर्षं ही सारणी शिकवली, पण भावाचा शब्द चौथ्या ओळीच्या वर कधी नेऊन बघितला नव्हता.

"बरोबर ना मॅडम?"

"बरोबर हाय की गं." मॅडम म्हणाल्या. "येता आलं असतं त्याला. शब्दानं कुठं अडवलं होतं? आलाच न्हाय त्यो."

आणि खुर्चीचा हात धरून त्या पोरांसमोरच रडायला लागल्या.