साहेबांचं बत्तीस पॉइंटचं भाषण

आमच्या पालमच्या कॉलेजात मी मराठी शिकवते असं हजेरीपटावर लिहिलंय. प्रत्यक्षात मी संस्थेचे अध्यक्ष दत्तरावसाहेब यांची भाषणं लिहिते, टाइप करते आणि छापून देते. उरलेल्या वेळात मराठी.

भाषण छापणं हे लिहिण्याहून अवघड काम आहे. कागदाची एकच बाजू वापरायची. मजकूर वरच्या दोन-तृतीयांश भागात बसवायचा. पार खालपर्यंत नेला की साहेबांची मान झुकते आणि फोटोत नुसतं टक्कल येतं. ओळींत दुप्पट अंतर, आकडे अक्षरांत, पानाचा नंबर कोपऱ्यात ठळक. पिन मारायची नाही, म्हणजे वाचलेलं पान गुपचूप डावीकडे सरकवता येतं. आणि कुठलंही वाक्य दोन पानांत तुटू द्यायचं नाही. एकदा तुटलं होतं, तेव्हा पान सापडेपर्यंत साहेब अख्ख्या सभेपुढे तोंड उघडं ठेवून उभे होते.

पान सरकलं की पहिल्या रांगेतला बन्सीधर टाळी वाजवतो. साहेबांचा खास माणूस तो. भाषणात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याचं लक्ष कागदावर. त्याच्यामागे सगळा मंडप वाजवतो. म्हणजे टाळ्या कुठे पडणार हे मीच ठरवते, आणि याचा मला थोडा माज आहे.

दर स्नेहसंमेलनात साहेब मुलींचं वसतिगृह बांधतात. "येत्या वर्षी आपण मुलींचं वसतिगृह बांधू." त्याला चिकटूनच, त्याच पानावर, "मात्र शासनाचं अनुदान येईपर्यंत सर्वांनी धीर धरावा." दोन्ही वाक्यं एका दमात जातात आणि वसतिगृह बांधून, पाडून मोकळं होतं.

यंदा मला याची चीड आली, कारण निकिता. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. प्रॅक्टिकल लांबलं की गावची शेवटची एसटी चुकते. तिचे वडील मुंजाजी सांगून गेले होते, "म्याडम, रोज अंधारात पोरीची वाट बघून जीव जायलाय. संमेलन झालं की दाखला न्यायला येतो." मी त्यांना काय सांगणार होते? धीर धरा?

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी कागद हातभर लांब धरले.

"म्याडम, अक्षर लय बारीक दिसायलंय."

"चोवीस पॉइंटचं आहे साहेब. चष्मा लावता का?"

"फोटोत म्हातारा दिसतो. मोठं करा."

बत्तीस केलं. मजकूर फुगला, पानं वाढली आणि वसतिगृहाचं वाक्य पानाच्या शेवटच्या ओळीत येऊन थांबलं. 'मात्र' पुढच्या पानावर गेलं. वरची एखादी ओळ उडवली असती तर दोन्ही वाक्यं पुन्हा एकत्र आली असती. मी स्क्रीनकडे बराच वेळ बघत बसले. वाक्य तर कुठेच तुटलेलं नव्हतं. मी छापून टाकलं. साहेबांनी पहिलं पान पाहिलं, "आता कसं!" म्हणाले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मंडपात साहेबांनी जोरात वाचलं, "येत्या वर्षी आपण मुलींचं वसतिगृह बांधू." आणि पान सरकवलं. बन्सीधरने टाळी वाजवली. मग मुली उठल्या. शिट्ट्या, आरडाओरडा, बाकांवर थापा. प्रमुख पाहुण्यांनी खुर्चीतून उठून साहेबांचा हात हातात घेतला, फोटोवाले पुढे धावले. साहेबांना जन्मात एवढी टाळी मिळाली नव्हती.

टाळ्या ओसरल्या तसं त्यांनी खाली पाहिलं. समोर बत्तीसच्या अक्षरात 'मात्र'. ते कुणालाही चष्म्याशिवाय दिसलं असतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलींकडे. मग त्यांनी ते पान न वाचताच डावीकडे सरकवलं. बन्सीधरने इमानदारीत पुन्हा टाळी वाजवली.

कार्यक्रम संपल्यावर साहेब माझ्याकडेच येत होते, चेहरा लालबुंद. तेवढ्यात मुंजाजी वाटेत आडवे आले, टोपी काढून.

"साहेब, दाखला न्यायला आलतो. आता न्हाई नेत. वसतिगृह होईस्तोवर पोरगी माझ्या बहिणीकडं ऱ्हाईल."

साहेबांनी घसा साफ केला. "तसं हाय मुंजाजी, अनुदानाचं बी बघावं लागतंय..."

"ते तर तुमी काय बोलला न्हाईत," मुंजाजी साधेपणानं म्हणाले. "समद्यायनी ऐकलं की."

मागे मुली उभ्या होत्या. निकिता वडिलांचा हात धरून साहेबांकडे बघत होती.

"न्हाई बोललो," साहेब शेवटी म्हणाले. मग मान वळवून ओरडले, "ए बन्सीधर, टाळ्या बास झाल्या. इंजिनिअरला फोन लाव."