बालवाडीची भिंत

पिपलानीच्या क्वार्टर्समधल्या बालवाडीला कुंपणभिंत घालायची होती. टाउनशिपची ज्युनियर इंजिनिअर रजनी उमाठे तिथे पोचली आणि विटांचा तोकडा ढीग पाहूनच भडकली.

"बोकडे, विटा किती आणल्या?" तिनं ठेकेदाराला विचारलं.

"सव्वादोन हजार. सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे सांधेपण जागा घेतात न, मॅडम."

"सांधे मी धरलेत! सांध्यासकट वीट वीस बाय दहा बाय दहा सेंटिमीटर, म्हणजे घनमीटरला पाचशे. भिंत तीस मीटर लांब, दीड मीटर उंच, वीस सेंटिमीटर जाड. नऊ घनमीटर झाले, साडेचार हजार विटा! तुम्ही जाडीच अर्धी केलीत."

"बालवाडीला दहा सेंटिमीटर पुष्कळ झाली."

"लेकरं भिंतीवर चढतात! कोसळली तर?"

"रजनी, जाऊ दे," पाहणीला सोबत आलेले तिचे साहेब मागून म्हणाले. तिनं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मिस्त्रीनं सकाळीच रचलेला अर्ध्या जाडीचा ओला थर तिनं तिथल्या तिथे उखडायला लावला.

दुपारनंतर उरलेल्या विटांचा ट्रक आला. बोकडेनं तोंड फिरवून त्या उतरवून घेतल्या. तिचाही राग उतरला नव्हता. नवा थर वीस सेंटिमीटर रुंद भरेपर्यंत ती उन्हातून हलली नाही.