दुसरी मंजुरी

आमच्या शाखेच्या प्रमुख योगिनी मॅडमना एका पानात उत्तर हवं होतं, आणि तेही "मला कळेल असं". या महिन्यात पुल रिक्वेस्ट का साठल्यात? संध्याकाळी ते पान पुण्याच्या हेड ऑफिसला जाणार होतं आणि त्यावरून प्रोबेशनवरच्या ऋत्विकला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. साठलेल्या बहुतेक रिक्वेस्टवर त्याचंच नाव. म्हणजे तो ढिला, असं मॅडमनी आधीच ठरवून टाकलेलं.

माझं डोकं तापलं होतं. तरी लिहायला बसले.

पुल रिक्वेस्ट म्हणजे, "मी हा बदल केलाय, तपासून मूळ प्रोग्राममध्ये घ्या," अशी विनंती. आमचं सॉफ्टवेअर हर्ण्याच्या मासळी व्यापाऱ्यांची बर्फाची मागणी नोंदवतं. गेल्या महिन्यात एका चुकीमुळे बंदरावर दुप्पट बर्फ जाऊन पडला, व्यापाऱ्यांनी आमचा उद्धार केला, आणि नवा नियम आला: प्रत्येक बदलाला दोन सीनियरांची मंजुरी. सीनियर आम्ही दोघंच, मी आणि संदेश. स्वतःच्या बदलाला स्वतः मंजुरी देता येत नाही, म्हणजे आमच्या दोघांच्या रिक्वेस्ट कायमच्याच अडकल्या. त्यात शिमगा आला. संदेश खेडकडच्या त्याच्या गावी, पालखीबरोबर घरोघर. त्याला थांब म्हणायची माझी टाप नव्हती, कुणाचीच नसते.

मध्येच रेंज मिळाली की तो एखादी रिक्वेस्ट मंजूर करतो. ती आत गेली की प्रोग्रामच्या त्याच भागातले बदल असलेल्या बाकीच्या रिक्वेस्ट मूळ प्रोग्रामशी जुळेनाशा होतात. बिचारा ऋत्विक त्या पुन्हा जुळवतो. जुळवल्या की माझी आधीची मंजुरी रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. पोरगा रोज काम करतो आणि यादी वाढतच जाते.

शेवटी लिहिलं: "अडचण माणसाची नाही, नव्या नियमाची आहे. शिमगा संपेपर्यंत एक मंजुरी पुरेशी धरावी. बर्फाच्या मागणीला हात लावणाऱ्या बदलांना मात्र दोनच."

मॅडमनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "बरोबर वाटतंय गो. पण पुण्याला जायचं म्हणजे... दुसऱ्या कुणी बघितलंय का हे?"

माझा संयम तिथेच संपला. "नाही मॅडम. दुसरा पालखीबरोबर आहे. तो येईपर्यंत ऋत्विक घरी गेलेला असेल."

मॅडमनी काचेकडे मान वळवली. काचेपलीकडे ऋत्विक मान खाली घालून तेच ते पुन्हा जुळवत होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. आता मलाच बोलणी बसणार, असं मी धरून चालले.

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. 'नव्या नियमाची आहे' यातला 'नव्या' खोडला, त्या जागी 'माझ्या' लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि मेल पाठवून दिली.