उपशीर्षकांचे चार गुण

धाकट्या जावेने माझ्यामागोमाग लॉ कॉलेजात प्रवेश घेतला, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. घरात तिचं कौतुक कमी होतं म्हणून आता वर्गातही! मी एक वर्ष पुढे, म्हणून तिच्या वर्गाच्या सराव परीक्षेचे पेपर मात्र सरांनी माझ्याकडे सोपवले. "गुणांचे नियम ठरवा, तपासा, तक्रारीही तुम्हीच ऐका," म्हणाले आणि कोर्टात गेले.

प्रश्न सत्ताविभाजनाचा होता. जावेने लिहिलं होतं की तिन्ही सत्ता वेगळ्या असल्या तरी एकमेकींना आवर घालतात. विधिमंडळ अविश्वास ठराव आणून सरकार पाडू शकतं. घटनाबाह्य कायदा न्यायालय रद्द करतं; विधिमंडळ त्यातला दोष काढून नवा कायदा करू शकतं, पण नुसता निकाल फिरवू शकत नाही. सगळं बरोबर! माझा जळफळाट झाला. तिथल्या तिथे मी नियम केला: उपशीर्षकं नसतील तर चार गुण कमी.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन आली.

"ताई, हा नियम कधी केलात?"

"तपासताना."

"मग तक्रार कोणाकडे करू?"

"माझ्याकडेच."

ती भांडली नाही. तिने पेपर माझ्यापुढे ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. 'नियम करणारा, तो लावणारा आणि तक्रार ऐकणारा एकच असेल, तर न्याय त्याच्या मर्जीवर राहतो.'

मी तिला झापणारच होते. पण त्या ओळीपुढे लाल पेनाने, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'अगदी खरं.'