नवव्या मजल्याचा दाब

बाळकुमच्या तळमजल्यावरची बॅरोमीटर तपासणारी प्रयोगशाळा कोलशेतला नवव्या मजल्यावर आली आणि मालक सुदेश भोईरच्या डोक्यात किडा शिरला. मोबाइलवर हवामान खात्याचा हवेचा दाब १००८.६ हेक्टोपास्कल, आणि ज्याच्यावरून बाकीची यंत्रं तपासायची तो प्रमाण बॅरोमीटर १००५.१. बाळकुमला अर्ध्या आकड्याचा फरक असायचा, तो कुणी मनावरच घेत नसे.

"सामान हलवताना आपटलाय," म्हणत त्याने सोमवारी यंत्राला साडेतीनची भर दिली. जुळलं! त्यावरून तपासलेला एक बॅरोमीटर मंगळवारी गेलासुद्धा. दुसरा, घाटावरच्या खासगी धावपट्टीचा, आज जायचा होता. प्रमाणपत्रावर सही तपासनीस कल्पिताची हवी होती.

"मी नाही करणार."

"अगं बाई, कुरियरवाला खाली उभाय!"

"राहू दे उभा." तिने भर काढून शून्य केली, प्रमाण बॅरोमीटर उचलला. "चला खाली."

लिफ्ट उतरू लागली तसा आकडा चढू लागला. तळमजल्यावर १००८.०.

"काय दादा, लिफ्टमध्ये यंत्र बरं झालं का?"

सुदेशने नवव्या मजल्याचं बटण दाबलं. वर आले, पुन्हा १००५.१.

"आपण समुद्रापासून एकतीस मीटर वर बसलोय. इथे खरा दाब एवढाच. खात्याचा आकडा समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. तुम्ही इथला दाब त्याच्याशी जुळवलात."

"मग साडेतीनने कोण मरतंय?"

"वैमानिक मरेल!" तिचा आवाज चढला. "धावपट्टीवाले तिथला दाब मोजतात, त्यात त्यांच्या उंचीची भर स्वतः घालून समुद्रसपाटीचा आकडा काढतात. त्यात आपल्या नवव्या मजल्याची भर आणखी पडली, की वैमानिक तो आकडा उंचीमापकात लावणार आणि काटा तीस मीटर जास्त दाखवणार. धुक्यात त्याला वाटणार, अजून खाली जागा आहे. नसेल ती!"

सुदेशने कपाळ चोळलं. "बरं, हा आजचा थांबव. पण कालचा गेला तो गेला. आता फोन केला तर नाव जाईल आपलं. नवीन जागा, नवीन गिऱ्हाइकं... जरा समजून घे ना."

"समजलं म्हणूनच सांगतेय. नको असेन तर आजच हिशोब करा माझा."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

कल्पिताने वाट पाहिली नाही. प्रमाणपत्र टराटरा फाडलं, खिडकीतून खाली कुरियरवाल्याला हात हलवून वाटेला लावलं, आणि कालच्या गिऱ्हाइकाचा नंबर फिरवला.

"नमस्कार, मी कल्पिता सावंत. तुमचा बॅरोमीटर साडेतीन हेक्टोपास्कल जास्त दाखवतोय. चूक आमची. आत्ताच्या आत्ता वापरायचा बंद करा. हो, माझं नाव लिहून घ्या. सावंत."