दहाचा शेवटचा पुडा

मोठ्यांच्या डायपरचा दहाचा पुडा बंद होऊन तीसचा येणार, हे सांगून सांगून औषध दुकानातली ताई वैतागली होती. आजोबा दिसताच तिने पुन्हा टकळी लावली.

"एकदम एक हजार पन्नास जातील, पण नग चाळीसऐवजी पस्तिसाला पडेल. कोरड्या कपाटात ठेवा, न्हाणीघरात ओल लागते. आजींना रोज तीन, म्हणजे दहा दिवस बघायला नको."

आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "दहाचा उरलाय एखादा?"

"महाग पडतो हो. शिवाय तीन दिवसांत पुन्हा खेप."

"डॉक्टर म्हणाले, तीन दिवस काढले तरी खूप."

ताईने शेवटचा पुडा काढला.

"यातले उरले तर परत घ्याल?"

फोडलेला पुडा ती कधीच परत घेत नसे.

"उरायचे नाहीत, आजोबा," ती म्हणाली.